अर्ध्या तासात उठणारं बाळ आणि दिवसाची झोप

प्रश्न : मुलगी ५ महिन्यांची आहे. दिवसातून ५-६ वेळा झोपते पण प्रत्येक वेळी बरोबर अर्ध्या तासात उठते, घड्याळ लावल्यासारखी. झोळीत झोपवतो. सासूबाई म्हणतात दूध पुरत नाहीये. दीड महिन्यात ऑफिस जॉईन करायचंय, काय करू?

उत्तर :

आधी दुधाचं बघू, कारण आईच्या मनाला तेच जास्त लागतं. तुमची मुलगी रात्री एकदा पिऊन सलग ३-४ तास झोपत असेल तर तेच दूध तिला दुपारी अर्धा तासच पुरतं असं होऊ शकत नाही. दिवसाला ६ किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतोय, वजन चार्टवर नीट चढतंय (५ महिन्यांच्या आसपास बऱ्याच बाळांचं वजन जन्माच्या दुप्पट होतं), तर दूध पुरतंय. फक्त एक बघा, शेवटचं पाजून दोन-अडीच तास झालेत आणि तेव्हाच झोपायला घेतलं असं होत असेल तर अर्ध्या तासाने भूक लागून उठणारच. तेवढं सोडलं तर दूध निर्दोष.

मी गेली २२ वर्षं मुलुंडला लहान मुलांची प्रॅक्टिस करतेय आणि ४ ते ७ महिन्यांच्या बाळांच्या आया लसीकरणाला आल्या की हा प्रश्न हमखास विचारतात. कारण त्या वयातच आहे. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत बाळ झोपलं की आधी चुळबुळीच्या झोपेत जातं, म्हणजे डोळे पापणीआड हलतायत, मधेच हसतंय, हातपाय झटकतंय, आणि मग गाढ झोपतं. ३-४ महिन्यांच्या सुमारास ही रचना बदलायला लागते, बाळ पटकन गाढ झोपेत उतरतं आणि मग साधारण २५ ते ४० मिनिटांच्या दरम्यान त्या गाढ झोपेतून वर येतं, हलकं होतं. झोपेचा एक पूर्ण फेरा त्यांचा पाऊण तास ते तासाभराचा असतो आणि आपला दीड तासाचा. वर येणं हे नॉर्मल आहे, आपणही रात्रीतून चार-पाच वेळा असे वर येतो, कूस बदलतो, उशी सारखी करतो आणि परत जातो, सकाळी आठवतही नाही. रात्री बाळसुद्धा हेच करतं. मग दिवसा का जमत नाही? कारण रात्री दोन गोष्टी त्याला पुढच्या फेऱ्यात ढकलत असतात, दिवसभर साठलेली झोपेची ओढ आणि अंधारात शरीरात तयार होणारं मेलाटोनिन. दिवसा मेलाटोनिन जवळजवळ नसतंच, उरते ती फक्त ओढ, आणि तीही दोन तासांत साठेल तेवढीच. म्हणून रात्री जी गोष्ट बाळ सहज निभावतं ती दिवसा त्याला पेलत नाही. आणि दिवसाची झोप लांबायला मुळात ५-६ महिन्यांच्या आसपासच सुरुवात होते, त्यामुळे ३ महिन्यांच्या बाळाची आई विचारते तेव्हा मी काहीच करू नका म्हणून सांगते. तुमची मुलगी मात्र आता अगदी योग्य वयात आहे.

आता त्या अर्ध्या तासाला बाळ वर येतं तेव्हा नेमकं काय होतं ते बघा, सगळी मेख इथेच आहे. वर आल्यावर त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे अजून झोपावंसं वाटण्याइतकी ओढ शिल्लक हवी. दुसरं म्हणजे डोळा लागताना आजूबाजूला जे होतं तेच आताही असायला हवं. तुम्ही रात्री पलंगावर झोपलात आणि हॉलमधल्या फरशीवर जाग आली तर परत डोळा लागेल का? झोळीत बाळाचं तेच होतं. झोका चालू असताना डोळा लागला, आजीने पंधराएक मिनिटं झोका दिला, मग हात दुखला किंवा गॅसवर काहीतरी होतं म्हणून त्या उठल्या, झोळी थांबली. अर्ध्या तासाला बाळ वर आलं तर झोका नाही. तो गायब झालेला झोका मागायला ते रडतं. मांडीवर झोपवून गादीवर ठेवलेल्या बाळाचं, तोंडात दूध असताना झोपलेल्या बाळाचंही हेच गणित.

तर तुमच्या घरात यातलं कुठलं कमी पडतंय, ओढ की सारखेपणा, हे आधी शोधायचं. त्याला एक सोपी टेस्ट आहे, मी सगळ्यांना करायला सांगते. एक दिवस एक झोप पूर्ण मांडीवर किंवा छातीशी धरून होऊ द्या, तुम्ही पूर्ण जाग्या राहून, टीव्ही लावा, काहीही करा पण डुलकी काढू नका, आणि सोफ्यावर बाळाला घेऊन तर नाहीच, त्यात बाळ गुदमरण्याचा खरा धोका असतो. अर्ध्या तासाला ती चुळबुळली की जागच्या जागी थोपटा, हलवू नका. ती परत झोपून तासभर गेली तर तिला झोप हवी होती, फक्त आधार मधेच काढून घेतला जात होता. मांडीवर असूनही ती ३० मिनिटांना टक्क जागी होऊन हसायला लागली तर तिची ओढच संपली होती, म्हणजे लवकर झोपवलं. दोन-तीन वेगवेगळ्या झोपांना करून बघा, एकावरून ठरवू नका. उठतानाचा मूडही सांगतो, डोळे चोळत चिडून रडत उठली तर झोप अर्धवट राहिलीय, खेळायला तयार होऊन उठली तर तेवढीच हवी होती.

या वयात मला जास्त करून लवकर झोपवण्याची चूक दिसते, उशिराची नाही. हल्ली सगळे 'ओव्हरटायर्ड होईल' म्हणून इतके घाबरतात की बाळाने एक जांभई दिली की झोळीत. पण बाळ कंटाळलं तरी जांभई देतं, त्याच खोलीत त्याच खेळण्यांसमोर पाऊण तास पडलेलं बाळ डोळेही चोळतं. अशा वेळी गॅलरीत नेऊन कावळा दाखवा, जांभई गायब झाली तर ती झोप नव्हती.

एक उदाहरण सविस्तर सांगते. मागच्या वर्षी कांजूरमार्गची एक आई ५ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती, वन आरके, ट्रॅकच्या बाजूची बिल्डिंग, घरात आजी. मी तिला तीन दिवस वहीत फक्त चार गोष्टी लिहायला सांगितल्या, किती वाजता उठली, किती वाजता डोळा लागला, किती वाजता जागी झाली आणि जाग आली त्या मिनिटाला घरात काय चाललं होतं. वही बघितली तर असं होतं. सकाळी साडेसहाला उठायची, ७:४० ला झोप, ८:१० ला जागी. मग साडेनऊ ते दहा. साडेअकरा ते बारा. दीड ते दोन. पावणेचार ते सव्वाचार. आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा. सहा वेळा अर्धा तास म्हणजे दिवसाला तीन तास झोप, रात्री साडेआठ ते साडेसहा मधले दोनदा उठून पिणं धरून दहा तास. एकूण तेरा. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला २४ तासांत १२ ते १६ तास झोप लागते असं मानतात, म्हणजे मुलीला झोप कमी नव्हतीच. तुकडे जास्त होते. हे आईला सांगितल्यावर तिचा निम्मा ताण तिथेच उतरला.

वहीत दोन गोष्टी डोळ्यात भरत होत्या. सकाळी जाग येऊन सत्तर मिनिटांत परत झोपवत होते, ५ महिन्यांच्या बाळाला पावणेदोन ते सव्वादोन तास जागं राहता येतं. आणि साडेअकराच्या झोपेसमोर तिन्ही दिवस एकच शब्द लिहिला होता, कुकर. आजी साडेअकराला कुकर लावायच्या, बाराच्या आसपास शिट्ट्या, नेमक्या बाळ वर यायच्या वेळेला. गाढ झोपेत असताना बाजूने फास्ट लोकल गेली तरी ते बाळ हलत नव्हतं, आणि हलकं झाल्यावर एक शिट्टी पुरायची. तिसरी गोष्ट वहीत नव्हती, मी विचारल्यावर कळली. दूध पाजताना मुलगी पाच-सात मिनिटं डुलकी काढायची आणि ती झोप कोणी मोजलीच नव्हती. तेवढ्या डुलकीने ओढीची धार जाते, जसं संध्याकाळी चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली की जेवण जात नाही. रिक्षात, कॅरियरमध्ये लागलेली डुलकीही यातच धरा.

आम्ही सगळ्या झोपा एकदम सुधारायला घेतल्या नाहीत, एकच घेतली, आंघोळीनंतरची. इंटरनेटवर सकाळची पहिली झोप आधी धरा म्हणून सांगतात पण आपल्या घरांत मालिश, आंघोळ, मग पोटभर दूध असा क्रम ठरलेला असतो, बाळ तेव्हा मनापासून थकलेलं असतं, तर जी झोप निसर्गानेच सोपी करून ठेवलीय ती आधी का नको? मालिशवाल्या मावशींना साडेदहाची वेळ पक्की करून दिली. दूध आंघोळीनंतर लगेच, खोलीत उजेड ठेवून, म्हणजे पिताना डोळा लागणार नाही, आणि पिणं आणि झोपणं यात दहा-पंधरा मिनिटं अंतर. कुकर अकराच्या आत. दाराच्या बेलवर 'बाळ झोपलंय, बेल वाजवू नका' असा कागद, कुरियरवाले वाचतात, खरंच. खिडकीला जुनी जाड चादर दुहेरी करून, कारण दुपारच्या उजेडात वर आलेलं बाळ आजूबाजूचं बघायला लागतं आणि ५ महिन्यांच्या बाळाला जग फार इंटरेस्टिंग असतं. पंखा चालू, त्याची एकसारखी घरघर बाहेरचे अचानक आवाज बुजवते, वेगळं मशीन घ्यायची गरज नाही आणि मोबाईलवर आवाज लावायचाच तर बाळाच्या डोक्याशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हळू. मुंबईच्या दमटपणात घामाने उठणारी बाळंही खूप असतात, मानेच्या मागे हात लावून बघा, घाम असेल तर एक कपडा काढा, हातपाय गार लागले म्हणून टोपी-मोजे चढवू नका.

सकाळची पहिली झोप दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे सरकवत ७:४० वरून ८:२० ला आणली. एकदम चाळीस मिनिटं ढकलली असती तर बाळ रडून रडून हैराण झालं असतं आणि आजीने दुसऱ्याच दिवशी प्रयोग बंद पाडला असता.

झोळीचं काय केलं ते नीट सांगते कारण तुमचाही मुद्दा तोच आहे. झोळीवर माझा राग नाही, आपण सगळे तीत वाढलो. पण झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीवर टेकली तर श्वासाचा मार्ग दबू शकतो, आणि कुशीवर वळायला लागलेलं बाळ त्या कापडात तोंड खुपसू शकतं, म्हणून पूर्ण झोप झोळीत नको आणि नजरेआड तर अजिबात नको. जागा म्हणजे सपाट, घट्ट गादी, पाठीवर, डोक्याखाली मोहरीची उशी नाही, अंगावर गोधडी नाही, बाजूला लोड-तक्के नाहीत. वळायला लागलं की बाळाला गुंडाळणंही बंद. तर त्या घरात पहिले तीन दिवस आजींनी झोळीत झोका द्यायचा पण डोळे जड झाले की, पूर्ण मिटायच्या आधी, थांबायचं आणि थांबलेल्या झोळीत थोपटायचं. पुढचे तीन-चार दिवस जड डोळ्यांनी झोळीतून उचलून गादीवर, तिथे थोपटणं आणि तीच अंगाई. मग झोळी बंद, सरळ गादीवर. एकूण आठ-दहा दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणजे पहिल्यांदा गादीवर ठेवलं तेव्हा झोपायलाच पंचवीस मिनिटं लागली, रडली, तेव्हा तिला उचलून शांत करून परत ठेवलं. तो एक दिवस जड जातो, तो धरून चला. आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या वर हुज्जत घालू नका, सोडून द्या, त्या वेळेला कसंही झोपवा, पुढच्या झोपेला परत प्रयत्न.

आता ती ३० मिनिटांची वेळ. बाळ कुरकुरलं, डोळे किलकिले केले की आपण धावतो आणि उचलतो, आणि कित्येकदा ते अजून झोपेतच असतं, चुळबुळीच्या झोपेत डोळे अर्धवट उघडतात, आवाजही येतात. आपण उचलून त्याला खरं जागं करतो. कुरकुर असेल तर तीन ते पाच मिनिटं नुसतं बघत बसा, हात लावू नका, बोलू नका, नजरानजर तर नकोच. जोरात रडायला लागलं तर मात्र थांबायचं नाही, जवळ जायचं, थोपटायचं. आठवडाभर आजीने असं केलं की डोळा लागल्यापासून पंचविसाव्या मिनिटाला गादीजवळ जाऊन बसायचं आणि चुळबूळ व्हायच्या आधीच छातीवर हात हलकासा ठेवून द्यायचा, ती वर येऊन परत खाली जाईपर्यंत. म्हणजे वर आल्यावर तोच हात, तीच गादी. हे सगळ्या बाळांना चालत नाही, काही जण हात लागला की उलट उठतात, दोन दिवसांत कळतं, मग सोडून द्यायचं.

दोन आठवड्यांनी वही अशी होती : साडेसहाला जाग, ८:२० ते ९:२० पहिली झोप, ११:२० ते १२:४० दुसरी, २:५० ते ३:३० तिसरी, साडेपाच ते सहा चौथी, सव्वाआठला रात्रीची. बेरीज करा, साडेतीन तास. आधी तीन होते. म्हणजे एवढं सगळं करून दिवसाची झोप फक्त अर्धा तास वाढली, पण सहाच्या जागी चार वेळा झाली आणि आईला दुपारी सलग सव्वा तास मोकळा मिळाला. मी हे मुद्दाम सांगते कारण काही जण दिवसाची झोप ५-६ तास होईल अशी आशा धरतात आणि झाली तर ती रात्रीतून वजा होते.

आणि कोणी सहाणेवर जायफळ उगाळून द्यायला सांगेल, नक्की सांगेल. देऊ नका. उगाळताना त्यातलं किती पोटात जातंय ते मोजता येत नाही, जास्त झालं तर बाळाला गुंगी येते, ती झोप नसते आणि धोका असतो. सर्दीचं सिरप झोपेसाठी देणं तसंच चूक. सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काही नको.

काही बाळांना मात्र वरचं काही लागू पडत नाही आणि तिथे वहीपेक्षा तपासणी हवी. रात्रीही दर तासाला उठतं, झोपेत घोरतं किंवा श्वासाला ओढ लागते, पिऊन झाल्यावर पाठ ताणून रडतं आणि आडवं ठेवलं की जास्त, अंगावर कोरडे खाजरे चट्टे आहेत, वजन अडलंय, यातलं काहीही असेल तर तुमच्या डॉक्टरांना भेटा. नुसता दिवसाच अर्धा तास झोपतं, उठून हसतं, पितं, वजन वाढतंय, तर आजार नाही.

तुमच्या दीड महिन्यासाठी म्हणून सांगते, आंघोळीनंतरची झोप आजपासून सुरू करा आणि पहिल्या आठवड्यानंतर थोपटायचं काम हळूहळू सासूबाईंकडे किंवा पाळणाघराच्या ताईंकडे द्या, तुम्ही घरात असतानाच, म्हणजे जॉईन व्हायच्या दिवशी बाळासाठी हात, माणूस आणि जागा तिन्ही एकदम बदलणार नाही. पाळणाघरात पहिले दोन आठवडे झोपा परत अर्ध्या तासावर येतील, बहुतेकांच्या येतात, तेव्हा त्या दिवसांत रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे घ्या. आणि संध्याकाळची, साडेपाचच्या आसपासची झोप कधीच लांबवायच्या मागे लागू नका. ती अर्ध्या तासाचीच बरी, लांबली तर रात्री दहापर्यंत बाळ खेळत बसतं.